३४९ की ३५९? अर्धवट फिरलेल्या मीटरचा एक फोटो

एप्रिल महिन्याचं पाण्याचं बिल वाटून झालं आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या काकू बिल हातात घेऊनच दारात उभ्या राहिल्या. ‘अहो, दर महिन्याला पावणेतीनशेच्या आसपास येतं, या वेळी नऊशे साठ? घरात आम्ही चार माणसं. आम्ही काय टँकर विकतोय का?’

आमची पुण्यातली अठ्ठेचाळीस फ्लॅटची सोसायटी. उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, म्हणून चार वर्षांपूर्वी प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवले आणि सर्वसाधारण सभेत टप्प्याटप्प्याने वाढणारा दर ठरवला. पहिले १० युनिट २० रुपयांनी, पुढचे ५ युनिट ४० रुपयांनी आणि त्यावरचं सगळं ८० रुपयांनी. एक युनिट म्हणजे एक घनमीटर, हजार लिटर. दर महिन्याच्या १ तारखेला वॉचमन मामा डक्टमध्ये बॅटरी घेऊन शिरतात, प्रत्येक मीटरचा मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि कमिटीतला एक जण ते फोटो बघून आकडे शीटमध्ये भरतो. मे महिन्यात तो एक जण मी होतो.

काकूंच्या मीटरवर १ एप्रिलला ३३७ होतं. १ मेला मी ३५९ भरलं होतं. वापर २२ युनिट. चार माणसांसाठी जरा जास्तच, पण अशक्य म्हणावं असंही नाही. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटर धरतात, त्या हिशेबाने चार माणसांचे महिन्याचे १६ युनिट होतात. पाहुणे आले, एखादा फ्लश गळत राहिला, तर बावीस सहज होतील. त्यामुळे ‘एवढं वापरलंच नसेल’ या मुद्द्यावर निकाल लागणार नव्हता. फोटोच पुन्हा उघडायचा होता.

मीटर नेहमीचा, अर्धा इंची, मल्टिजेट. तबकडीवर पाच काळी चाकं, म्हणजे युनिट, दहा, शंभर असे पूर्ण घनमीटर. त्याखाली चार छोटे लाल काटे: ×0.1, ×0.01, ×0.001 आणि ×0.0001. बिलासाठी आम्ही फक्त काळे आकडे घेतो, लाल काट्यांकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. चूक तिथेच होती.

फोटो मोठा करून पाहिला. डावीकडून पहिली दोन शून्यं स्वच्छ. शंभराच्या खिडकीत ३ स्वच्छ. दहाच्या खिडकीत वरच्या कडेला ४ चा बुडखा निघून जाताना दिसत होता आणि खालून ५ वर आला होता, जवळजवळ दोन तृतीयांश खिडकी त्याचीच. युनिटच्या खिडकीत उलट परिस्थिती. वर ९ चा मोठा भाग, खाली शून्याची कमान डोकावत होती. मी काय केलं होतं ते लगेच लक्षात आलं. प्रत्येक खिडकी वेगळी धरून जो आकडा जास्त दिसतोय तो लिहिला होता. दहाला ५, युनिटला ९. झालं ३५९.

वरवर बघता यात काही चूक वाटत नाही. पण या दोन खिडक्यांमधून चार आकडे निघू शकतात: ३४९, ३५०, ३४० आणि ३५९. त्यातले ३४९ आणि ३५० एकमेकांना चिकटलेले आहेत, खरं उत्तर त्या दोघांच्या मधेच कुठेतरी असणार. ३४० आणि ३५९ मात्र मीटर त्या क्षणी दाखवूच शकत नाही. एका चाकाचा जुना आकडा आणि दुसऱ्याचा नवा, अशी खिचडी झाली की नऊ-दहा युनिटची चूक होते. शेवटच्या एका चाकाबद्दल घोळ झाला तर चूक एका युनिटची, दोन चाकांबद्दल घोळ झाला तर दहाची. म्हणून दोन चाकं एकदम फिरताना दिसली की तिथे थांबायलाच हवं.

चाकं एकदम का फिरतात? प्रत्येक चाकाच्या बाजूला दोनच दात असतात आणि शेजारच्या चाकाशी त्याचा संबंध एका छोट्या दंतचक्राने जोडलेला असतो. उजवीकडचं चाक ० पासून ९ पर्यंत जाईपर्यंत ते दात कशालाच लागत नाहीत, डावीकडचं चाक जागच्या जागी अडकून राहतं. उजवीकडचं चाक ९ वरून ० कडे निघालं की दात छोट्या चक्राला गाठतात आणि तेवढ्याच वेळात डावीकडचं चाक एक घर पुढे ढकललं जातं. म्हणजे ९ अर्धा गेला की ४ सुद्धा अर्धा गेलेला असतो. दोघं हातात हात घालून सरकतात. आमच्या मीटरमध्ये युनिटचं चाकही असंच हलतं, ×0.1 चा काटा ९ ते ० या घरात असताना. एरवी ते स्थिर असतं.

सगळ्या मीटरचं असं नसतं. काहींमध्ये युनिटचं चाक सतत सरकत राहतं. आपला मीटर कोणत्या जातीचा आहे हे ओळखायला एकच जुना फोटो पुरतो. ×0.1 चा काटा ५ वर आहे असा फोटो शोधायचा. त्यात युनिटचा आकडा खिडकीच्या मधोमध सरळ असेल तर ते चाक शेवटच्या दहाव्या भागातच हलतं. अर्धा वर गेलेला असेल तर सतत फिरणारं.

या रचनेतून एक गोष्ट ठामपणे निघते. डावीकडचं चाक मधेच असेल, तर त्याच्या उजवीकडचं प्रत्येक चाक ९ आणि ० च्या मधेच असायला हवं. उजवीकडे कुठे ४ किंवा ७ स्वच्छ दिसत असेल, तर डावीकडचं चाक खरं म्हणजे फिरत नाहीये, ते फक्त वाकडं बसलंय. म्हणून वाचायचं उजवीकडून डावीकडे. आपण आकडे डावीकडून वाचायला शिकलेलो असतो आणि सवय तिथेच दगा देते.

आता काकूंचा फोटो तसा वाचूया. ×0.01 चा काटा ४ च्या जवळ. त्यामुळे ×0.1 चा काटा ९ सोडून ० कडे साधारण चार दशांश गेलेला असला पाहिजे, आणि फोटोत तो तसाच होता, ९ आणि ० च्या मध्यापेक्षा जरा अलीकडे. म्हणजे अपूर्ण घनमीटर ०.९४. हजार लिटर भरायला अजून साठ लिटर बाकी. तेव्हा युनिटचं चाक नव्या आकड्यावर पोचलेलं असूच शकत नाही, दिसणाऱ्या दोन आकड्यांतला मागचा, म्हणजे ९ घ्यायचा. (९ आणि ० मधला मागचा ९ च, शून्य लहान असलं तरी. इथेही लोक फसतात.) युनिट ९ वरून ० कडे निघालंय, म्हणून दहाचं चाकही निघालेलं असणार आणि तेही पोचलेलं नसणार. मागचा आकडा ४. दहाचं चाक स्वतः ९ वर नाही, म्हणून शंभरचं स्थिर, ३. एकूण ३४९.९४.

मग दहाच्या खिडकीत ५ एवढा ठसठशीत का दिसत होता? दोघं हातात हात घालून सरकतात तर ९ चार दशांश गेला असताना ४ साडेसहा दशांश कसा गेला? इथे मी थोडा वेळ अडकलो. उत्तर १ एप्रिलच्या फोटोत मिळालं. त्या दिवशी मीटरवर ३३७ होतं, ×0.1 चा काटा बरोबर ५ वर, युनिटचा ७ सरळ. म्हणजे दहाचं चाक त्या वेळी पूर्ण विसाव्यात असायला हवं. पण त्याचा ३ खिडकीत वर सरकलेला होता, घराच्या पाव भागाइतका, आणि खाली ४ ची टोकं दिसत होती. फेब्रुवारी आणि मार्चच्या फोटोंतही तेच. या मीटरचं दहाचं चाक कायमच पाव घर पुढे बसतं. छोट्या दंतचक्रांना फिरायला थोडी मोकळीक द्यावीच लागते, त्या मोकळिकीत चाक थोडं पुढे किंवा मागे राहतं. हा दोष पाणी मोजण्याचा नाही, आकडा दाखवण्याचा आहे. ४.६५ मधून तो पाव वजा केला की ४.४ उरतात, आणि युनिटचं चाक ९.४ वर आहेच. जुळलं.

काकूंना हे सगळं सांगत बसलो असतो तर त्या निघून गेल्या असत्या. त्यांच्यासाठी पुरावा सोपा होता. त्या आल्या तो दिवस १३ मे. आम्ही दोघं खाली डक्टपाशी गेलो, मामांनी बॅटरी धरली. मीटरवर ३५४ आणि थोडं. १ तारखेला ३५९ असेल तर १३ तारखेला ३५४ कसं होईल? काकू म्हणाल्या, ‘बघा, तुमच्या मीटरनेच सांगितलं.’ त्या वेळी मला माझाच राग आला होता, पण सुटलोही होतो.

मात्र हा पुरावा नशिबाने मिळाला हे लक्षात घ्या. त्या १ जूननंतर आल्या असत्या तर मीटर ३६१ दाखवत होता, आणि ३६१ च्या मागे ३४९, ३५०, ३४०, ३५९ यांपैकी काहीही बसतं. पुढचं रीडिंग मागच्या चुकीला पकडतंच असं नाही, ते गुपचूप गिळूनही टाकतं. अशा वेळी फक्त जुना फोटो आणि त्यातला लाल काटा उरतो. म्हणून आकडे शीटमध्ये भरले म्हणून फोटो उडवायचे नाहीत.

कमिटीत एकाने विचारलं की पुढच्या महिन्यात आपोआप वळतं होणारच होतं, मग एवढं काय? सपाट दर असता तर झालं असतं. आमचा दर टप्प्यांचा. खरा वापर एप्रिलमध्ये १२ आणि मेमध्ये १२. प्रत्येक महिन्याचं बिल २०० अधिक ८०, म्हणजे २८०. दोन महिन्यांचे ५६०. चुकीच्या आकड्याने एप्रिलचे २२ युनिट: २०० अधिक २०० अधिक ७ युनिटचे ५६०, एकूण ९६०. मेमध्ये ३६१ वजा ३५९, फक्त २ युनिट, ४० रुपये. दोन महिन्यांचे १०००. पाणी तेवढंच, २४ युनिट, पण ४४० रुपये जास्तीचे. उलट बाजूला ३४० लिहिलं असतं तर एप्रिलचे ३ युनिट ६० रुपयांत आणि मेचे २१ युनिट ८८० रुपयांत, एकूण ९४०. चूक वर असो की खाली, टप्प्यांच्या दरात भुर्दंड ग्राहकालाच.

या प्रकरणानंतर कमिटीने घाईघाईने ठरवलं की दोन आकडे दिसले की नेहमी मागचा लिहायचा. मी विरोध केला, कारण त्याच १ मेच्या फोटोंत दुसऱ्या मजल्यावरचा एक मीटर होता ज्याने तो नियम मोडीत काढला असता. त्याच्या युनिटच्या खिडकीत वर ७ ची एक चीर आणि बाकी सगळा ८. मागचा लिहायचा तर ७. पण त्याचा ×0.1 चा काटा नुकताच ० ओलांडून पुढे गेला होता. म्हणजे घनमीटर पूर्ण झालाय, चाकाने ८ वर पोचायला हवं होतं, ते फक्त मोकळिकीमुळे थोडं मागे राहिलंय. बरोबर आकडा ८. तो फ्लॅट भाड्याचा होता आणि सोडून जाणाऱ्या भाडेकरूंचं ते शेवटचं रीडिंग होतं. शेवटच्या रीडिंगला पुढचा महिना नसतो, त्यामुळे तिथला एक युनिट नव्या भाडेकरूच्या माथी बसला असता. खिडकीत कोणता आकडा किती दिसतो यावरून ठरवायचंच नाही. काटा ९ आणि ० च्या मधे असेल तर मागचा, काटा ० ओलांडून गेला असेल तर पुढचा.

काट्यावर एवढा भरवसा ठेवायचा तर काटाही तपासायला हवा. काटा त्याच्या दांड्यावर दाबून बसवलेला असतो, तो थोडा तिरका बसलेला असू शकतो. तेव्हा चाक ८ वर स्थिरावतं त्या क्षणी काटा ० वर नसून ०.३ वर किंवा ९.८ वर दिसतो. तपासणी पाच बादल्यांची आहे. काटा ९ वर असताना घरातला एक नळ सोडायचा आणि वीस लिटरच्या बादल्या भरत जायच्या. ९ ते ० म्हणजे शंभर लिटर. कोणीतरी मीटरपाशी बसून बघायचं की चाक हलायला कधी लागतं आणि कधी थांबतं. तो फरक त्या मीटरचा कायमचा. आम्ही संशयित मीटरांवर हे केलं आणि पाणी झाडांना घातलं. दोन मीटरांवर चाक काट्याच्या थोडं आधी हलायला लागतं असं दिसलं, तेवढी नोंद रजिस्टरमध्ये आहे.

हे प्रकार किती वेळा येतात? ×0.1 चा काटा दहातल्या एका घरात असताना युनिटचं चाक फिरतं, म्हणजे अठ्ठेचाळीस मीटरांतले चार-पाच दर महिन्याला तसे सापडणारच. दहाचं चाकही फिरताना सापडणं शंभरात एकदा, म्हणजे आमच्याकडे सरासरी दोन महिन्यांतून एक फोटो. तो एक बघणाऱ्याच्या नजरेतून सुटला की नवी काकू दारात.

मी संगणकावर काम करतो, म्हणून हा नियम शीटऐवजी चार ओळींत बसवला. डोळ्याने (किंवा एखाद्या चित्र ओळखणाऱ्या प्रोग्रामने) प्रत्येक चाकाची जागा दशांशात लिहायची, ४ आणि ५ च्या मधे असेल तर 4.65 अशी, आणि लाल काट्यांवरून अपूर्ण भाग.

```python
def read(pos, frac):
    out = []
    for p in reversed(pos):
        e = max(0, (frac - 0.9) * 10)
        d = round(p - e) % 10
        out.append(d)
        frac = (d + e) / 10
    return out[::-1]

read([0, 0, 3.1, 4.65, 9.4], 0.94)   # [0, 0, 3, 4, 9]
```

`e` म्हणजे उजवीकडची परिस्थिती बघता हे चाक किती पुढे गेलेलं असायला हवं. तेवढं वजा करून जवळचा पूर्ण आकडा घ्यायचा. दुसऱ्या मजल्याचा मीटर यात घाला: चाक 7.8, अपूर्ण भाग 0.02. `e` शून्य, उत्तर 8. वजाबाकीनंतर उरणारं अंतर अर्ध्याच्या आसपास आलं, तर प्रोग्रामने अंदाज मारू नये, तो फोटो माणसाकडे पाठवावा. हा नियम शेवटच्या दहाव्या भागात हलणाऱ्या चाकांसाठी आहे. सतत सरकणाऱ्या युनिटच्या चाकाला `e` म्हणून थेट `frac` द्यावा लागतो.

फोटोवरून छापील अक्षरं ओळखणारे साधे प्रोग्राम इथे का पडतात तेही यातून कळतं. त्यांना ० ते ९ असे दहाच आकडे माहीत असतात. अर्धा ४ आणि अर्धा ५ असलेल्या खिडकीला ते कधी ४ म्हणतात, कधी ५, कधी चक्क ६, आणि तेही ठासून. `ESP32-CAM` वर चालणाऱ्या `AI-on-the-edge-device` या मुक्त प्रकल्पात यासाठी दोन तऱ्हा आहेत: `dig-class11` मध्ये दहा आकड्यांसोबत ‘आकडा सांगता येत नाही’ असा अकरावा वर्ग, आणि `dig-class100` मध्ये 0.0 ते 9.9 असे शंभर वर्ग. दुसरी तऱ्हा मला जास्त पटते. मधल्या खिडकीत माहिती असते, ती ‘सांगता येत नाही’ म्हणून टाकून दिली तर शेजारच्या चाकाशी ताडून बघायला काही उरतच नाही.

मामांना मी फक्त दोन गोष्टी सांगितल्या. एक, फोटोत चारही लाल काटे यायला हवेत. पूर्वी ते काळे आकडेच जवळून घ्यायचे, काकूंच्या फोटोत काटे आले ते योगायोगाने. दुसरी, मोबाइल तबकडीच्या अगदी समोर धरायचा. चाकं खिडकीच्या पट्टीच्या थोडी आत असतात, त्यामुळे वाकून वरून फोटो काढला की पट्टीची वरची कड आकड्याचा एक भाग झाकते आणि खालून येणारा आकडा आहे त्यापेक्षा जास्त वर आल्यासारखा दिसतो. मामा म्हणाले, ‘साहेब, डक्टमध्ये समोर धरायचं म्हणजे मला झोपावं लागतंय.’ खरं होतं. तळाच्या ओळीतल्या सहा मीटरांसाठी आता ते मोबाइल उलटा धरतात, कॅमेरा जमिनीलगत. ते फोटो उलटे येतात आणि मी सरळ करून बघतो, कारण उलट्या फोटोत ६ चा ९ होतो आणि पुढचा आकडा खालून येण्याऐवजी वरून येतोय असं वाटतं.

काकूंचं एप्रिलचं बिल २८० चं केलं, भरलेले जास्तीचे ६८० रुपये पुढच्या बिलांत वळते केले. मे महिन्याचं बिलही मग ३४९ पासून मोजलं. रजिस्टरमध्ये त्यांच्या मीटरसमोर लाल पेनने लिहिलंय: ‘दहाचं चाक पाव घर पुढे. काटा बघून वाचणे.’